पाटी एकच, कंपन्या दोन: पीओ कुणाचा आणि ती कंपनी नेमकं करते काय?

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित वसाहतीतल्या फौंड्रीमालकाला "गिऱ्हाईक कोण?" असं विचारलं तर तो ब्रँडचं नाव सांगतो. आमच्यासारख्या हिशेब बघणाऱ्यांना ते नाव पुरत नाही. बिल ब्रँडच्या नावाने काढता येत नाही, आणि थकलं तर नोटीसही ब्रँडला धाडता येत नाही. दोन्हीसाठी नोंदणी झालेली एक ठरावीक कंपनी लागते, आणि बहुराष्ट्रीय समूहात एका पाटीखाली अशा दोन, तीन, कधी त्याहून जास्त कंपन्या असतात.

आपल्याकडच्या कास्टिंगवाल्यांना माहीत असलेलं उदाहरण कमिन्सचं. १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स म्हणून सुरू झालेली कंपनी आज कमिन्स इंडिया लिमिटेड आहे. तिचे शेअर बाजारात विकले जातात आणि ५१ टक्के अमेरिकेच्या कमिन्स इंककडे आहेत. टाटा कमिन्स प्रायव्हेट लिमिटेड ही वेगळी कंपनी, त्यात टाटा मोटर्स निम्म्याची भागीदार. शिवाय अमेरिकन कंपनीच्या पूर्ण मालकीची कमिन्स टेक्नॉलॉजीज इंडिया आहेच. तिघींच्या इंजिनांवर आणि सुट्या भागांवर तेच बोधचिन्ह दिसेल. पण तिघींचे भागधारक, ताळेबंद आणि पॅन वेगवेगळे आहेत, त्यामुळे एकीचं देणं दुसरीच्या माथी मारता येत नाही.

वेगळी कंपनी काढतातच कशाला?

पहिलं कारण सरळ कायद्यातलं आहे. परदेशी कंपनीला भारतात स्वतःच्या नावाने संपर्क कार्यालय किंवा शाखा उघडता येते, पण फेमा या परकीय चलन कायद्याच्या नियमांनुसार संपर्क कार्यालयाला इथे कमाई करता येत नाही. शाखेला कमाई करता येते, पण सेझ सोडल्यास स्वतः उत्पादन करता येत नाही. ते भारतीय उत्पादकाकडून करून घ्यावं लागतं. म्हणजे चाकण किंवा रांजणगावला यंत्रं मांडायची तर इथे कंपनी स्थापन करणं आलंच. करातही फरक आहे. परदेशी कंपनीला इथल्या नफ्यावर ३५ टक्के कर (२०२४ च्या अर्थसंकल्पापूर्वी तो ४० होता), तर सवलती सोडून नवा दर निवडणाऱ्या देशी कंपनीला २२ टक्के. अधिभार आणि उपकर दोन्हीकडे वरून.

दुसरं कारण जबाबदारीचं. इथल्या कंपनीत घातलेल्या भांडवलापुरतीच पालक कंपनीची जोखीम राहते. भारतीय कंपनी बुडाली तर परदेशातल्या तिजोरीला हात लागत नाही. पालक कंपनीने लेखी हमी दिली असेल तरच लागतो. वरिष्ठ अधिकारी मीटिंगमध्ये "आमच्यामागे जर्मनी आहे" म्हणतात, त्याला कागदावर किंमत शून्य.

तिसरं कारण विकायच्या सोयीचं. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना ह्युंदाईने घेतला, त्याचा करार २०२३ मध्ये झाला. करार मालमत्ता खरेदीचा होता, म्हणजे जागा, इमारती आणि काही यंत्रं ह्युंदाईकडे गेली आणि विकणारी कंपनी मागे उरली. अशा व्यवहारात जुनं येणं जुन्याच कंपनीकडे मागावं लागतं, गेटवरची पाटी कितीही बदललेली असो.

एका समूहाने दोन-तीन कंपन्या काढण्यामागे बहुधा कामांची विभागणी असते. एक उत्पादन करते, एक आयात माल विकते, एक पालक कंपनीसाठी डिझाइन किंवा खरेदीची सेवा देते. आपल्याला सगळ्यात जास्त गोंधळात टाकते ती ही शेवटची, म्हणून पुढचं उदाहरण तिचंच घेतो.

उदाहरण: पुण्याची माणसं, जर्मनीचा पीओ

समजा शिरोलीतल्या एका फौंड्रीला पंप हाउसिंगची एन्क्वायरी आली. पालक कंपनी जर्मन. पुण्याच्या ऑफिसातून सोर्सिंगचे साहेब आले, त्यांनी फौंड्री बघितली, पॅटर्नचा दर घासाघीस करून ठरवला, नमुने पास केले. सगळं बोलणं मराठीत. शेजारच्या फौंड्रीवाल्यानेही सांगितलं, "कंपनी चांगली आहे, आमचं पेमेंट पंचेचाळीस दिवसांत येतं." आता पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, हातात आला आहे. (कंपन्या काल्पनिक आहेत आणि आकडे समजायला सोपे घेतले आहेत, पण असं चित्र प्रत्यक्षात नेहमी दिसतं.)

पायरी १: पीओचा मथळा आणि तळ वाचा

दर आणि डिलिव्हरीची तारीख सगळेच बघतात. त्याआधी "बिल टू" खालचं पूर्ण नाव अक्षर न अक्षर वाचा. भारतीय कंपनीला लेटरहेडवर, बिलांवर आणि पत्रव्यवहारात नाव, नोंदणीकृत पत्ता आणि सीआयएन हा कंपनीचा २१ अक्षरांचा ओळखक्रमांक छापणं कंपनी कायद्याच्या कलम १२ ने बंधनकारक आहे. तो नसेल तर दोन शक्यता: निष्काळजीपणा, किंवा ती भारतीय कंपनीच नाही. आपल्या उदाहरणात पीओच्या तळाशी सीआयएनच्या जागी बारीक अक्षरांत `Amtsgericht` आणि पुढे `HRB` व एक क्रमांक आहे. ही जर्मनीच्या व्यापार नोंदणीची खूण. म्हणजे खरेदीदार जर्मन कंपनी आहे, पुण्याची नव्हे.

सीआयएन असेल तर तो उलगडायला शिका. कमिन्स इंडियाचा घ्या: `L29112PN1962PLC012276`. सुरुवातीचा `L` म्हणजे शेअर बाजारात नोंद असलेली. नसती तर `U`. पुढचे पाच आकडे उद्योगाचे. मग राज्य. महाराष्ट्राचं चिन्ह `MH`, पण पुण्याच्या निबंधकाकडच्या कंपन्यांना `PN` असतं, आणि कोल्हापूरही पुण्याच्याच निबंधकाखाली येतं. नंतर स्थापनेचं वर्ष आणि कंपनीचा प्रकार. `PTC` म्हणजे खासगी, `PLC` म्हणजे पब्लिक, `FTC` म्हणजे परदेशी कंपनीची खासगी उपकंपनी. पण `FTC` दिसलं नाही म्हणून मालक भारतीय असं धरू नका. भारतीय म्हणून सुरू झालेली कंपनी नंतर परदेशी हातात गेली तरी चिन्ह `PTC` राहिलेलं बऱ्याचदा आढळतं.

उद्योगाच्या आकड्यांवर तर अजिबात विसंबू नका. हे वर्गीकरण मधल्या काळात बदललं. जुन्या यादीत २९११ म्हणजे इंजिनं आणि टर्बाइन. २००८ च्या यादीत २९ पासून सुरू होणारे आकडे मोटार वाहनांचे झाले आणि इंजिनं २८११ वर गेली. वरचा जुना सीआयएन नव्या यादीने वाचला तर इंजिन बनवणारी कंपनी गाड्या बनवते असं वाटेल. आकडे कंपनीने नोंदणीवेळी सांगितलेल्या कामाचे असतात, आज ती काय करते ते शोधायच्या जागा पुढे येतात.

पायरी २: जीएसटी क्रमांकावरून बहिणी ओळखा

हे काम फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. जीएसटीच्या पोर्टलवर `Search Taxpayer` मध्ये क्रमांक टाका. पंधरा अक्षरांतली पहिली दोन राज्याची (महाराष्ट्र २७) आणि पुढची दहा म्हणजे पॅन. दोन क्रमांकांतली ही दहा अक्षरं सारखी असतील तर कंपनी एकच, फक्त नोंदणी वेगळी. एक अक्षर जरी वेगळं असेल तर कंपनी वेगळी, नाव कितीही जुळो. शेजारच्या फौंड्रीवाल्याच्या बिलावरचा गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक मागून घ्या आणि पुण्याच्या साहेबांच्या कंपनीच्या क्रमांकाशी ताडून बघा. आपल्या उदाहरणात पॅन वेगळे निघतात. शेजाऱ्याला पंचेचाळीस दिवसांत पैसे देणारी कंपनी चाकणची उत्पादक बहीण आहे. तिची पेमेंटची सवय आपल्याला लागू नाही.

त्याच पानावर व्यवसायाचं स्वरूप दिसतं. चाकणच्या कंपनीसमोर `Factory / Manufacturing` आहे आणि वस्तूंच्या यादीत पंपांचे एचएसएन क्रमांक. पुण्याच्या कंपनीकडे फक्त कार्यालय आणि सेवा, यादीत ९९ ने सुरू होणारे सेवांचे क्रमांक. नोंदणी करताना पुढे लागेल म्हणून चार जास्त रकाने टिकवायची सवय सगळ्यांना असते, त्यामुळे "कारखाना" लिहिलेलं दिसलं तरी तो असेलच असं नाही. उलट बाजूने मात्र ही खूण बरीच भरवशाची: जिथे एकही वस्तू नोंदवलेली नाही, ती कंपनी तुमचं कास्टिंग स्वतःसाठी विकत घेत असण्याची शक्यता कमी. `Search by PAN` वर पॅन टाकला की इतर राज्यांतल्या नोंदण्याही दिसतात.

पायरी ३: शंभर रुपयांत ताळेबंद

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या `mca.gov.in` वर खातं उघडा. मास्टर डेटा फुकट आहे. त्यात कंपनी चालू आहे, विलीन झाली की दिवाळखोरीच्या प्रक्रियेत आहे हे कळतं. संचालकांची नावं आणि बँकांकडे गहाण ठेवलेल्या मालमत्तेची यादीही मिळते. `View Public Documents` खाली शंभर रुपये भरले की त्या कंपनीने दाखल केलेले कागद ठरावीक तासांसाठी खुले होतात. तेवढ्या वेळात लागतील ते उतरवून घ्या, निवांत वाचन नंतर. कुणालाही शुल्क भरून हे कागद बघायचा हक्क कायद्याच्या कलम ३९९ ने दिला आहे. कंपनीची परवानगी लागत नाही आणि तिला कळतही नाही.

दोनच कागद उतरवा: `AOC-4` आणि त्याला जोडलेला ताळेबंद, आणि `MGT-7` हे वार्षिक विवरण. मार्चअखेरचा ताळेबंद सहसा सप्टेंबरपर्यंत सभेत मंजूर होतो, `AOC-4` त्यानंतर ३० दिवसांत आणि `MGT-7` ६० दिवसांत दाखल करायचं असतं. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये शोधलंत तर मागच्याच्या मागच्या वर्षाचं चित्र हाती येईल, हे धरून चला.

`MGT-7` मध्ये मुख्य व्यवसाय आणि प्रत्येकाचा उलाढालीतला टक्का असतो, शिवाय भागधारक आणि समूहातल्या संबंधित कंपन्यांची नावं. खासगी कंपनीला किमान दोन भागधारक लागतात, म्हणून पालक कंपनीकडे जवळजवळ सगळे शेअर आणि समूहातल्याच दुसऱ्या कुणाकडे एखादा, असं दिसलं तर दचकू नका. संचालकांत भारतीय नाव आहे म्हणून निर्णय इथे होतात असंही समजू नका. वर्षातून १८२ दिवस भारतात राहणारा किमान एक संचालक असावा असा कायदाच आहे.

पायरी ४: ताळेबंदात काय बघायचं

खरी माहिती शेवटच्या पानांवरच्या टिपांत असते. पुण्याच्या कंपनीचं उदाहरण चालवू. उलाढाल १८.४० कोटी. टिपेत ती सगळी "सेवा विक्री" म्हणून दाखवली आहे, वस्तू विक्री शून्य. कच्च्या मालाचा खर्च नाही, मालाचा साठाही नाही. एकूण खर्च १६ कोटी, त्यातले ११.२० पगाराचे. मागच्या वर्षी उलाढाल १६.१० आणि खर्च १४.

१८.४० ला १६ ने भागा: १.१५. आता १६.१० ला १४ ने भागा: पुन्हा १.१५. बाजारात धंदा करणाऱ्या कंपनीचा नफा असा दोन वर्षं एका टक्क्यावर खिळून राहत नाही. ही कंपनी आपला खर्च जर्मनीला कळवते आणि त्यावर १५ टक्के घेऊन बिल लावते. समूहांतर्गत व्यवहार परक्यांशी करावा तशा दराने झाला पाहिजे असं प्राप्तिकराचे नियम सांगतात, म्हणून हा टक्का ठरवून ठेवलेला असतो.

खात्री हवी तर संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची टीप उघडा. माझ्या मते संपूर्ण ताळेबंदात वाचण्यासारखी हीच, बाकीचं बँकवाल्यांसाठी. पुण्याच्या कंपनीत तिथे एकच ओळ: पालक कंपनीकडून सेवाशुल्क १८.४० कोटी. चाकणच्या कंपनीत मात्र पालक कंपनीला रॉयल्टी, तिच्याकडून सुट्या भागांची खरेदी, समूहातल्या इतरांना पंपांची विक्री, अशा ओळी असतील, आणि आधीच्या पानांवर कच्चा माल व यंत्रसामग्रीचे मोठे आकडे. तिसरा प्रकार, फक्त आयात करून विकणारी कंपनी, ओळखायलाही हीच टीप: पालक कंपनीकडून तयार मालाची मोठी खरेदी, रॉयल्टी नाममात्र किंवा नाहीच, यंत्रसामग्री किरकोळ.

चाकणच्या कंपनीकडे पुढे काम मागायचं असेल तर पुरवठादारांच्या देण्यांची टीप वाचा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं त्यात वेगळं दाखवावं लागतं, आणि ते किती जुनं आहे व किती वादात आहे याची विगतवारीही. एक वर्षावरच्या रकान्यात मोठी रक्कम दिसली तर तिथल्या जुन्या वेंडरांना एक फोन जरूर करा.

मग आपल्या पीओचं काय?

आता चित्र असं: दर ठरवणारी माणसं पुण्याच्या सेवा कंपनीची, नाव चाकणच्या कारखान्याचं, आणि पैसे देणार जर्मन कंपनी. वाईट काही नाही, अशा पीओंवर कोल्हापूरच्या कितीतरी फौंड्रींचा चरितार्थ चालतो. फक्त हिशेब बदलतो.

सूक्ष्म-लघु उद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यायचा दबाव भारतीय खरेदीदारावर असतो, कारण मुदत टळून देणं वर्षअखेरीस थकीत राहिलं तर १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ४३बी(एच) म्हणून आलेल्या तरतुदीमुळे त्याला त्या वर्षी खर्चाची वजावट मिळत नाही. इथे विवरणपत्र न भरणाऱ्या जर्मन कंपनीला त्याचं सोयरसुतक नाही. म्हणून मुदत पीओतच नीट लिहून घ्या आणि ईसीजीसीच्या निर्यात विम्याचा दर आधी विचारा. तो तुमच्या दरात बसवावा लागेल.

माल भारताबाहेर गेला तरच ती निर्यात. पीओ जर्मनीचा, पण "सध्या चाकणला टाका" असा ईमेल आला तर ते बिल निर्यातीचं राहत नाही आणि जीएसटी लागतो. पॅटर्नचंही तसंच: पैसे जर्मनी देते, पण पॅटर्न शिरोलीतच राहतो. पॅटर्नचं बिल करमुक्त निर्यात म्हणून काढलं आणि दोन वर्षांनी तपासणीत करासकट व्याज भरावं लागलं, असे प्रसंग घडतात. बिल काढण्यापूर्वी सीएला पीओ दाखवा.

जर्मन कंपनीही तपासता येते. `handelsregister.de` वर एचआरबी क्रमांक आणि न्यायालयाचं नाव टाकलं की नोंदणीचा उतारा ऑगस्ट २०२२ पासून फुकट मिळतो. जीएमबीएच प्रकारच्या कंपनीला किमान भांडवल फक्त २५,००० युरो लागतं, त्यामुळे पीओ समूहाच्या मुख्य कंपनीचा आहे की नुसत्या खरेदीसाठी काढलेल्या छोट्या कंपनीचा, हे बघणं गरजेचं. जर्मन समूहाच्या वार्षिक अहवालात मालकीच्या सगळ्या कंपन्यांची यादी असते, ती नावं तिथे ताडून घ्या. अमेरिकन समूह असेल तर शेअर बाजार नियामकाकडे दाखल होणाऱ्या `10-K` अहवालाला जोडलेलं `Exhibit 21` बघा; पण त्यात फक्त महत्त्वाच्या उपकंपन्या देणं बंधनकारक आहे, त्यामुळे नाव सापडलं नाही म्हणजे कंपनी खोटी असं होत नाही.

काही गोष्टी कुठल्याच कागदात सापडत नाहीत. रिजेक्शन कोण ठरवणार, पुण्याचा तपासनीस की जर्मनीतला? डेबिट नोट कोणाच्या नावाने येणार? पॅटर्न कोणाच्या मालकीचा, आणि ऑर्डर बंद झाली तर तो कोण नेणार? पुण्याच्या साहेबांनी पास केलेला लॉट हॅम्बुर्गला नापास झाला तर जहाजभाडं कोणाच्या अंगावर? पुण्याची कंपनी करारात पक्षच नाही, त्यामुळे तिच्या माणसाने फोनवर दिलेला शब्द जर्मन कंपनीला बांधेलच असं नाही. हे चार प्रश्न पीओवर सही करण्याआधी ईमेलने विचारा, आणि उत्तर जर्मन कंपनीच्या पत्त्यावरून मागा. पुण्यातून फक्त "सर, काळजी करू नका" असं आलं, तर पहिला लॉट छोटा ठेवा आणि पॅटर्नचे पैसे आधी घ्या.